भागाकारातला छेद

आमच्या पुण्यातल्या ऑफिसात एका भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. टीममध्ये नऊ जण आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे तिथे एक पट्टी दिसते. ज्याच्या नावावर उघडी, म्हणजे दिलेली पण अजून न संपलेली कामं जास्त, त्याची पट्टी लांब होते आणि लाल होत जाते. कामं कमी असली की पट्टी आखूड आणि हिरवी. गेल्या काही वर्षांतल्या एका मार्चची ही गोष्ट आहे. त्या महिन्यात सगळ्यांत लांब लाल पट्टी होती आमच्या अकोल्याच्या मुलाची, १९ कामांची. साताऱ्याच्या मुलीची पट्टी ११ कामांची आणि हिरवी होती. दोघांची नावं इथे घेत नाही, गावांवरूनच ओळखू.

आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो: ठेवी, कर्जं, हप्ते आणि व्याजाचा हिशेब. ३१ मार्चला वर्ष संपतं, त्यामुळे मार्चचा दुसरा पंधरवडा आमच्याकडे कसा असतो ते पतसंस्थेत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या पंधरवड्याच्या पहिल्याच सोमवारी एक तातडीचं काम आलं. टीमची प्रमुख म्हणून ते कुणाला द्यायचं हे मी ठरवायचं होतं. मी स्क्रीनकडे पाहिलं, हिरवी पट्टी पाहिली आणि साताऱ्याच्या मुलीला विचारलं, "जमेल का गं तुला?" ती म्हणाली, "होईल."

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी माझ्या लक्षात आलं की त्या कामाला हातच लागलेला नाही. तिच्या यादीत आणखी खाली पाहिलं, तर एक काम २३ दिवस जागेवरून हललं नव्हतं. तिच्या कामात हयगय कधीच नसते. मग मी कागद-पेन घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तो हिशेब केला, जो खरं तर सोमवारी करायला हवा होता.

हिशेब साधा भागाकाराचा आहे. वर अंशात लिहायचं या पंधरवड्यात तिच्याकडून किती तासांचं काम अपेक्षित आहे. खाली छेदात लिहायचं त्या कामासाठी तिच्या हातात खरोखर किती तास आहेत. उत्तर एकाच्या वर गेलं, तर पंधरवडा उरकेपर्यंत काहीतरी नक्की राहणार, माणूस कितीही कसबी असला तरी. स्क्रीनवरच्या पट्ट्यांमध्ये या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. त्या फक्त कामांची संख्या मोजत होत्या, आणि संख्येत अर्ध्या तासाचं काम आणि तीन दिवसांचं काम दोन्ही एकसारखीच एक-एक धरली जातात.

आधी अंश पाहू, कारण तो सोपा आहे.

तिच्या ११ कामांपैकी दोन कामं ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहत थांबली होती. त्यांत तिला आठवणीचा एखादा फोन करण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. एक काम एप्रिलनंतर घ्यायचं असं आधीच ठरलं होतं, ते यादीत नुसतं पडून होतं. म्हणजे या पंधरवड्याची खरी कामं उरली आठ. प्रत्येक कामाचा अंदाज घातलेला होता, आणि त्यातलं जे संपलं ते वजा करून उरलेल्या तासांची बेरीज आली ३८. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. मोजायचे ते उरलेले तास, मुळात धरलेले नव्हेत. तीन चतुर्थांश झालेलं काम पूर्ण धरलं तर माणूस आहे त्याहून जास्त दबलेला दिसतो. उलट, कामाची व्याप्ती मध्येच वाढली आणि अंदाज कुणी बदललाच नाही, तर तो आहे त्याहून मोकळा दिसतो. आम्ही जिरा वापरतो. तिथे कामांची यादी काढायला एवढं पुरतं:

```
assignee is not EMPTY AND statusCategory != Done
ORDER BY assignee, updated ASC
```

यातून प्रत्येकाची न संपलेली कामं मिळतात, आणि ज्याला सर्वांत जास्त दिवस कुणी हात लावलेला नाही ते काम त्याच्या यादीत सर्वांत वर येतं. सोबत Remaining Estimate हा रकाना लावला की उरलेले तासही दिसतात. जिरा नसेल तर वहीतलं पान चालतं. आमच्या शेजारच्या टीमला तेच जास्त सोयीचं वाटतं.

३८ हा अंदाजच असतो, आणि प्रत्येकाच्या अंदाजाला त्याचा स्वतःचा कल असतो. म्हणून मी तिची मागच्या तीन महिन्यांतली संपलेली कामं काढली. अंदाजाचे तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास शेजारी ठेवले, तर सरासरी सव्वापट निघाली. आठ तासांचं म्हटलेलं काम दहा तास घेत होतं. यात तिची चूक नव्हती. व्याजाच्या हिशेबाचा भाग जुना आहे, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला आहे, आणि तिथे कुठे हात घातला की आणखी काय हलेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून ३८ ला सव्वाने गुणलं. आले साडेसत्तेचाळीस, आपण ४८ धरू.

आता छेद. मला या लेखात मुख्यतः याच्याबद्दल सांगायचं आहे, कारण चूक बहुतेक वेळा इथे असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

पंधरवड्यात कामाचे दहा दिवस. त्यातून गुढीपाडव्याची सुट्टी गेली, उरले नऊ. रोज जेवणाची सुट्टी सोडून आठ तास, म्हणजे ७२ तास. आमच्या स्क्रीनच्या पोटात हाच ७२ चा आकडा सगळ्यांना सारखा बसवलेला होता. ३८ भागिले ७२ केलं की जवळपास ५३ टक्के येतात. म्हणून पट्टी हिरवी. माझ्या डोळ्यांसमोर तिचा अर्धा पंधरवडा रिकामा होता.

मी तिला म्हटलं, "चल, या ७२ मधून एकेक काढत जाऊ."

पहिल्यांदा निघाला एक दिवस रजेचा. तिच्या आईच्या डोळ्यांची तपासणी होती. उरले ६४. मग ठरलेल्या बैठका. सकाळची उभ्याची बैठक पंधरा मिनिटांची म्हणून सुरू झालेली, पण मार्चमध्ये ती अर्ध्या तासाखाली संपत नव्हती. आठ दिवसांचे चार तास. पंधरवड्याच्या सुरुवातीची आखणी आणि शेवटचा आढावा मिळून आणखी चार. उरले ५६. इथपर्यंतचं कुणालाही कॅलेंडरवरून कळलं असतं.

पुढचं कॅलेंडरवर नव्हतं. ग्राहकांचे फोन घेण्याची पाळी त्या पंधरवड्यात तिची नव्हतीच. पण दंडव्याज कसं लागतं आणि मुदतपूर्व परतफेडीत काय वजा होतं, हे टीममध्ये पूर्ण माहीत असलेली ती एकटीच. म्हणून ज्याची पाळी होती तो फोन उचलायचा, दोन मिनिटं ऐकायचा आणि तिच्या खुर्चीजवळ येऊन म्हणायचा, "पाच मिनिटं आहेत का?" मी तिला आठवून सांगायला लावलं नाही, कारण आठवणीत अशी पाच मिनिटं पाचच राहतात. आम्ही मागच्या दोन आठवड्यांचे चॅटमधले निरोप उघडले आणि पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या उत्तरापर्यंतचा वेळ लावत गेलो. रोजचे सरासरी दीड तास निघाले. आठ दिवसांचे १२. उरले ४४.

मग इतरांचं काम तपासणं. व्याजाच्या भागाला धक्का लावणारा प्रत्येक बदल तिच्या नजरेखालून जावा असा नियम आम्हीच केला होता, आणि तो योग्यही होता. त्याचे रोजचा एक तास धरून आठ. उरले ३६. जानेवारीत आलेल्या दोन नव्या मुलांना शिकवणं आणि दोन मुलाखती घेणं, मिळून सात तास. उरले २९. मेल, चहा, मशीन बंद पडणं, एक काम सोडून दुसऱ्यात डोकं घालताना जाणारा वेळ, या सगळ्याचे मी फक्त तीन तास धरले. हा आकडा कमीच होता, हे मला आज कळतं.

उरले २६.

४८ भागिले २६ म्हणजे जवळजवळ १.८५. स्क्रीनवर जिची पट्टी निम्मी रिकामी होती, तिच्यावर प्रत्यक्षात झेपेल त्याच्या पावणेदोन पटींहून जास्त भार होता. आणि सोमवारी मी त्यावर आणखी एक काम ठेवलं होतं. त्या ४८ मध्ये तेही आलेलं आहे.

त्याच संध्याकाळी अकोल्याच्या मुलाचाही हिशेब केला. त्याची १९ कामं बहुतेक बारीक होती: एखाद्या अहवालात एक रकाना वाढवा, पावतीवरचा मजकूर दुरुस्त करा. उरलेल्या अंदाजांची बेरीज ३० तास, त्याचा अंदाज सहसा थोडाच चुकतो म्हणून ३३ धरले. त्याच्याकडे कुणी "पाच मिनिटं आहेत का" म्हणून येत नव्हतं. बैठका आणि किरकोळ वेळ वजा जाता त्याच्या हातात ५८ तास होते. उत्तर आलं ०.५७. लाल पट्टीवाल्याकडे जागा होती आणि हिरव्या पट्टीवालीकडे नव्हती.

हे एकदाच घडलं असं मला वाटत नाही. ज्याला जास्त येतं त्याच्याकडे लोक विचारायला येतात, नवे त्याच्याच हाताखाली दिले जातात, तपासणी त्याच्याकडे जाते. यातलं काहीच कामांच्या यादीत चढत नाही, म्हणून अंश वाढत नाही. वाढतं ते छेदातून वजा होणं. म्हणजे माणूस जितका जाणता, तितका त्याचा छेद लहान, आणि वरून पाहणाऱ्याला तो तितकाच मोकळा दिसतो. मग नवं काम त्याच्याकडेच येतं. स्क्रीनवर नुसती संख्या पाहून कामं वाटत राहिलं, तर ती चूक सरळ त्याच माणसांवर जाऊन पडते ज्यांच्यावर टीम उभी असते. मला हे अन्यायाचं वाटतं. तो अन्याय मी माझ्या हातांनी केला, म्हणून जास्तच वाटतं.

आता एक शंका स्वाभाविक आहे. उत्तर एकाच्या वर असेल तर माणूस दबला, हे समजलं. मग ०.९५ असेल तर सगळं ठीक म्हणायचं का?

नाही, आणि त्याचं कारण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी टेलिफोनच्या तारांमधून पुढे आलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एर्लांग नावाचे डॅनिश गणिती काम करत होते. एक्सचेंजला किती लाइनी ठेवल्या की लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९०९ मध्ये त्यांनी यावरचा पहिला लेख प्रसिद्ध केला आणि रांगांचं गणित तिथून उभं राहिलं. या गणितातल्या अगदी साध्या नमुन्यात एकच काम करणारा असतो आणि कामं ठरल्या वेळी न येता कशीही येतात. तिथे येणारं नवं काम सरासरी किती थांबेल, ते काम करणारा किती भरलेला आहे यावरून निघतं. तो निम्मा भरलेला असेल, तर एका कामाला लागतो तितकाच वेळ थांबावं लागतं. ८० टक्के भरलेला असेल तर चार कामांइतकं. ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. पाच टक्के वाढले आणि थांबणं दुपटीहून वाढलं.

माणूस म्हणजे टेलिफोनची लाइन नव्हे. तो कामांचा क्रम बदलतो, दोन कामं एकत्र उरकतो, थकतो. म्हणून हे आकडे जसेच्या तसे कुणाला लावू नयेत. पण वळणाचा आकार खरा असतो. काम केव्हा येईल आणि किती चालेल हे जिथे आधी कळत नाही, तिथे काठोकाठ भरलेल्या माणसाकडे प्रत्येक गोष्ट अडते, मग तो कितीही वेगाने काम करत असो. मार्चअखेर पतसंस्थेच्या व्यवस्थापकाचा फोन केव्हा येईल ते कुणाला सांगता येतं? म्हणून आम्ही आता ०.८ ला थांबतो. वरचं ०.२ अचानक येणाऱ्या कामांसाठी ठेवलेलं असतं आणि ते दर वेळी वापरलं जातं. ज्यांचं काम आधी आखता येतं, त्यांना थोडं वर गेलं तरी चालतं. फोन घेणाऱ्याला ०.८ सुद्धा जास्त होतं.

भागाकार दर पंधरवड्याला करावा लागतो, आणि त्याचे आकडे माणसांनीच भरलेले असतात. म्हणून तो बरोबर आहे का हे पाहायला दुसरी एक पडताळणी हवी. ती मला जॉन लिटल यांच्या नियमात मिळाली. अमेरिकेतल्या या प्राध्यापकांनी १९६१ मध्ये एक सरळ गोष्ट सिद्ध केली. घडी बसलेल्या कुठल्याही रांगेत सरासरी जितकी माणसं असतात, ती येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा काळ इतकी असतात. आमच्या भाषेत सांगायचं, तर उघड्या कामांना आठवड्याला संपणाऱ्या कामांनी भागलं की एक काम सरासरी किती आठवडे उघडं राहतं ते कळतं. यात कुणाचा अंदाज लागत नाही. फक्त मोजणी लागते.

साताऱ्याच्या मुलीकडे ११ उघडी कामं होती आणि मागच्या सहा आठवड्यांत तिची संपली होती १५, म्हणजे आठवड्याला अडीच. एक काम सरासरी साडेचार आठवडे उघडं राहत होतं. अकोल्याच्या मुलाची १९ कामं उघडी, पण आठवड्याला आठ-साडेआठ संपत होती. त्याच्याकडे काम सव्वादोन आठवड्यांत सुटत होतं. लहान कामं लवकरच संपणार, म्हणून दोघांची थेट तुलना करायची नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी करायची. डिसेंबरमध्ये तिचा हा आकडा अडीच आठवडे होता. तीन महिन्यांत तो हळूहळू चढत गेला होता, आणि ज्या दिवशी तो तीनावर गेला त्याच दिवशी तिला विचारायला हवं होतं. लिटल यांचा नियम घडी बसलेल्या रांगेला लागू पडतो. कामं येण्याचा आणि संपण्याचा वेग बदलत असेल, तर उत्तर नेमकं राहत नाही. पण आकडा दर महिन्याला एकाच बाजूला सरकत असेल, तर घडी मोडली आहे हेच तो सांगत असतो.

या हिशेबाला आतून पोखरणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याशी फार जपून वागावं लागतं. ती म्हणजे संध्याकाळनंतरचे तास.

डिसेंबर ते फेब्रुवारी तिची कामं वेळेत होत होती. मी त्यावरून धरून चालले होते की तिला एवढं झेपतं. कागदावर बसल्यावर तिने सांगितलं, "मी साडेदहाला पुन्हा लॅपटॉप उघडते. तेव्हा कुणी विचारायला येत नाही ना." रात्रीचे ते दीड-दोन तास तिच्या छेदात चोरपावलाने शिरले होते, आणि त्यामुळे माझा ७२ चा खोटा आकडा खरा वाटत राहिला होता. मागच्या कामावरून माणसाची क्षमता काढताना हे नेहमी होऊ शकतं. जास्तीचे तास देऊन पार पाडलेला पंधरवडा पुढच्या पंधरवड्यासाठी माप ठरतो, आणि तिथून पुन्हा वाढ सुरू होते. मार्चमध्ये तिला रात्रीही जमेना, कारण दिवसभराच्या प्रश्नांनंतर डोकं चालत नव्हतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं की तिचं काम अचानक मंदावलं. खरं तर ते तीन महिने उधारीवर चाललेलं होतं. रजेच्या दिवशीसुद्धा तिने दवाखान्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडला होता, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

म्हणून छेद भरताना आता आमचा एक नियम आहे: संध्याकाळी सहानंतरचा तास कुणाच्याही छेदात धरायचा नाही, त्याने स्वतः देऊ केला तरी. गरज पडली आणि कुणी बसलं, तर तो वेगळा लिहायचा आणि पुढच्या पंधरवड्यात परत द्यायचा.

तिच्या "होईल" बद्दलही सांगायला हवं. तो शब्द खोटा नव्हता. मी तिला विचारलं होतं "हे काम जमेल का", आणि ते एक काम तिला जमण्यासारखंच होतं. दबलेल्या माणसाला एकेका कामाबद्दल विचारलं तर तो प्रत्येकाला हो म्हणतो, कारण प्रत्येक काम वेगळं पाहिलं तर लहानच असतं. शिवाय वरिष्ठाने विचारलं की "जमणार नाही" म्हणायची रीत आपल्या ऑफिसांमध्ये अजून रुळलेली नाही. आता मी असं विचारते: "हे घेतलंस तर यादीतलं कोणतं काम खाली जाईल?" याचं उत्तर द्यायला यादी पाहावीच लागते. जिच्याकडे खरंच जागा असते, ती लगेच सांगते की काहीच खाली जाणार नाही. जिच्याकडे नसते ती थांबते. ते थांबणं ऐकायला शिकावं लागतं.

त्या गुरुवारी रात्री आम्ही भार कसा उतरवला तेही सांगते, कारण पहिला विचार चुकीचा असतो. पहिला विचार म्हणजे तिची कामं उचलून दुसऱ्याला देणं. पण व्याजाचं काम दुसऱ्याच्या हातात गेलं की त्याला जास्त तास लागतात, वर समजावून सांगायला तिचे तास जातात, आणि पंधरवडा संपायला दिवस थोडे उरलेले असतात. म्हणून आधी छेद मोठा केला. फोनवर येणारे प्रश्न आधी आमच्या कोल्हापूरच्या मुलाने घ्यायचे, आणि त्याला न सुटणारे तेवढेच दुपारी चार वाजता एकत्र तिच्यापुढे आणायचे, असं ठरलं. पूर्ण पंधरवड्याच्या हिशेबाने बारा तासांचे चार झाले. इतरांच्या कामाची तपासणी त्याने वाटून घेतली, तिथे चार तास वाचले. त्याला हे सगळं समजावण्यात तिचे चार तास गेले. २६ चे झाले ३४.

मग कामांकडे वळलो. दोन कामं अकोल्याच्या मुलाकडे गेली. तिच्या हातात ती नऊ तासांची होती, त्याला बारा लागतील असं धरलं. तेवढी भर घालूनही तो ०.७८ वर राहिला. एक काम कोल्हापूरकडे गेलं, सहा तासांचं. आणखी सहा तासांच्या एका कामासाठी मी ग्राहकाला फोन केला आणि ते १५ एप्रिलवर नेलं. ते मार्चमध्ये हवं आहे असं आम्हीच धरून बसलो होतो, त्यांनी तसं कधी म्हटलंच नव्हतं. तिच्याकडे राहिले २७ तास. २७ भागिले ३४ म्हणजे ०.७९.

त्या आठवड्यात उरलेल्या थोड्या दिवसांत हे पूर्ण लागू झालं नाही. दोन कामं उशिरानेच गेली आणि एका ग्राहकाचं बोलणं मला ऐकून घ्यावं लागलं. हिशेबाचा खरा उपयोग पुढच्या पंधरवड्यापासून झाला.

या पद्धतीच्या मर्यादा दिसल्या, त्याही लिहिते. तास हे माप सगळ्या कामांना चालत नाही. जिथे दोष कुठे आहे हेच शोधायचं असतं, तिथे अंदाज घालण्यात अर्थ नसतो. अशा कामाला आम्ही आधी शोधण्यासाठी चार तास देतो आणि नंतर अंदाज घालतो. दुसरं, हा आकडा माणसाच्या कामाची किंमत ठरवायला वापरला की तो त्याच दिवशी निरुपयोगी होतो. कुणाचा छेद लहान का, असं वार्षिक आढाव्यात एकदा विचारलं गेलं, तर पुढच्या पंधरवड्यात सगळे छेद मोठे होतात आणि अंदाज फुगतात. म्हणून हे पान टीमबाहेर जात नाही. आमच्या वरच्यांना ते समजावायला वेळ लागला, पण त्यांनी ते मान्य केलं. आणि एका पंधरवड्याच्या आकड्यावरून मी काही ठरवत नाही. कुणाची रजा, कुणाचा ताप, यानेही उत्तर एकाच्या वर जातं. सलग तीन पंधरवडे गेलं, तर कामाची मांडणीच चुकलेली असते.

तो स्क्रीन अजून भिंतीवर आहे. पट्ट्या आता कामांच्या संख्येवर चालत नाहीत, आणि ७२ चा सामाईक आकडा आम्ही काढून टाकला आहे. आखणीच्या बैठकीत कामांना हात लावायच्या आधी प्रत्येक जण आपला छेद स्वतः लिहितो: रजा, पाळ्या, तपासणी, शिकवणं, सगळं वजा करून. पहिल्या दोन वेळा सगळ्यांनी मोठे आकडे लिहिले. तिसऱ्या वेळेला साताऱ्याच्या मुलीने फळ्यावर ४१ लिहिलं, मार्कर खाली ठेवला, जागेवर जाऊन बसली आणि पुन्हा उठली. ४१ पुसून तिने ३९ केलं. शुक्रवारी आईला भेटायला तिला स्वारगेटहून चारची एसटी पकडायची होती.